व्हॉइस नोट्स आणि मेसेजमधून इन्सिडेंट रिपोर्ट बनवताना वेळा जुळतच नाहीत? कारण आणि उपाय

प्रॉब्लेम असा आहे. प्लांटमध्ये रात्री काहीतरी होतं आणि सकाळी रिपोर्ट मागतात. तुमच्याकडे असतं काय, तर चार ग्रुपमध्ये पसरलेले मेसेज, धापा टाकत बोललेल्या पाच-सहा व्हॉइस नोट्स, दोन धूसर फोटो आणि कोणीतरी फॉरवर्ड केलेलं काहीतरी. ते सगळं वरून खाली वाचत जाऊन रिपोर्ट लिहिला की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणतो "असं नाही झालं साहेब", मग दुरुस्ती होते, मग दुसरा येतो, परत दुरुस्ती, आणि शेवटी तीन वेगवेगळ्या व्हर्जन तीन लोकांच्या मेलमध्ये पडून राहतात. दरवेळी हेच. अमोनियावर चालणारी कोल्ड स्टोरेज आणि मासळी प्रोसेसिंगची युनिट्स यात हे मी वारंवार बघतो, म्हणून उदाहरण तिथलंच घेतोय, पण केमिकल, फाउंड्री, वेअरहाउस कुठेही असाल तरी अडचण याच जागी असते.

आधी कारण समजून घ्या

लोकांना वाटतं माणसं खोटं बोलतात किंवा घाबरून काहीही सांगतात. तसं क्वचितच असतं. मुख्य गडबड ही की मेसेजवर जी वेळ दिसते ती मेसेज पाठवल्याची वेळ असते, घटना घडल्याची नसते, आणि आपण रिपोर्टमध्ये सरळ तीच वेळ उचलून टाकतो. टेक्स्ट मेसेजमध्ये हा फरक दोन-चार मिनिटांचा असतो, कारण माणूस आधी पळतो, वॉल्व बंद करतो, मग टाइप करतो. व्हॉइस नोटमध्ये आणखी एक पदर असतो. नोट बोलून संपली की जाते, म्हणजे दोन मिनिटांची नोट 2:41 ला दिसत असेल तर त्यातलं पहिलं वाक्य 2:39 ला बोललेलं आहे, आणि त्या वाक्यात तो "आत्ता" म्हणाला असेल तर ते "आत्ता" 2:39 चं. मशीन रूममध्ये किंवा कोल्ड रूमच्या आत नेटवर्क नसतं, तिथे रेकॉर्ड केलेली नोट अडकून राहते आणि माणूस बाहेर आल्यावर जाते, मग तर फरक कितीही वाढू शकतो.

आणि सगळ्यात घातक म्हणजे फॉरवर्ड. फॉरवर्ड केलेल्या नोटवर फॉरवर्ड केल्याची वेळ येते, मूळ वेळ गायब. एखादा हेल्पर पावणेतीनच्या आधी "आत्ताच वॉल्व बंद केला" म्हणतो, कोणीतरी ती नोट तीन वाजून पाच मिनिटांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो, आणि ऑफिसमधल्या माणसाच्या डोक्यात लीक तीन वाजेपर्यंत चालू राहतो.

पहिलं काम: काही हलवू नका, आधी सगळं गोळा करा

लिहायला बसायच्या आधी पुरावा जागेवर आहे तोवर उचलून ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत एडिट करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर 24 तासांत सगळंच उडू शकतं. त्यामुळे त्याच दिवशी ज्या ज्या ग्रुपवर काही आलंय तिथून Export chat करून घ्या. पर्सनल चॅटवर आलेलं असेल तर त्या माणसाला समोर बसवून त्याच्याकडून तेवढाच भाग घ्या, त्याचा फोन ताब्यात घेऊन चाळत बसू नका, त्यानं पुढच्या वेळी कोणी काही सांगणार नाही.

एक्सपोर्ट केलेली फाइल साधारण अशी दिसते:

```
11/06/25, 2:31 am - सिक्युरिटी: गेटपर्यंत वास येतोय काय झालं
11/06/25, 2:41 am - हेल्पर: PTT-20250611-WA0004.opus (file attached)
11/06/25, 2:52 am - सुपरवायझर: सगळं कंट्रोलमध्ये आहे
```

अँड्रॉइडवरून एक्सपोर्ट केलं तर मिनिटापर्यंत वेळ येते, आयफोनवरून केलं तर सेकंदही येतात, म्हणून ग्रुपमध्ये कोणाकडे आयफोन असेल तर त्याच्याकडूनही एक एक्सपोर्ट मागा. फाइलच्या नावातली तारीख बघून फसू नका, त्यात फक्त तारीख असते, वेळ नाही, आणि शेवटचा WA0004 सारखा आकडा त्या एका फोनपुरता असतो. तीच नोट दुसऱ्या फोनवर वेगळ्या आकड्यानं सेव्ह झालेली असेल. म्हणून फाइल कोणाच्या फोनवरून आली तेही सोबत लिहून ठेवा, नाहीतर एकच नोट दोनदा मोजली जाते आणि रिपोर्टमध्ये "दोन जणांनी सांगितलं" असं येतं जिथे खरं एकानंच सांगितलेलं असतं. हे फार वेळा होतं.

फोटोचं पण सांगतो. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आला की त्यातली कॅमेऱ्याची मूळ माहिती, म्हणजे कधी काढला वगैरे, निघून गेलेली असते. ज्यानं काढला त्याच्या गॅलरीत ती असते. त्याला तोच फोटो Document म्हणून परत पाठवायला सांगा, मग मूळ फाइल तशीच्या तशी येते.

फोनच्या बाहेरच्या चार गोष्टी लगेच हव्यात: कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, कॉम्प्रेसरचं लॉगबुक, हजेरीचं पंचिंग, आणि सीसीटीव्हीची क्लिप. सीसीटीव्हीचं सगळ्यात अर्जंट, कारण डिस्क भरली की जुनं पुसून नवीन रेकॉर्ड होत राहतं. हे रेकॉर्डिंग ज्या डीव्हीआरमध्ये होतं त्याचं घड्याळ जवळपास कधीच बरोबर नसतं, त्यामुळे डीव्हीआरच्या स्क्रीनसमोर आपला मोबाइल धरा, मोबाइलची वेळ नेटवर्कवरून ऑटोमॅटिक असल्याची खात्री करा आणि दोन्ही वेळा एका फोटोत येतील असा फोटो काढा. तो फरक लिहून ठेवा. कोणीतरी उत्साहानं डीव्हीआरची वेळ "दुरुस्त" करेल, ते क्लिप काढून झाल्याशिवाय करू देऊ नका.

दुसरं काम: नोट्स ऐकून कागदावर उतरवणं, पण साफसफाई न करता

स्पीकरवर नाही, इअरफोन लावून ऐका, आणि बोललेलं जसंच्या तसं लिहा, अर्ध्या वाक्यासकट, हिंदी-मराठी मिक्स असेल तर तसंच. "बहुतेक", "वाटतं", "म्हणे" हे शब्द बिलकुल गाळू नका, कारण पुढे कोणती गोष्ट पक्की आणि कोणती ऐकीव हे त्यावरूनच ठरणार आहे. "बहुतेक ग्लँड फुटला" आणि "ग्लँड फुटला" यात रिपोर्टच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्लँड म्हणजे वॉल्वच्या दांड्याभोवती गळती रोखणारं पॅकिंग बसतं तो भाग. ऐकू येत नसेल तिथे अंदाजानं भरू नका, किती सेकंदाला अस्पष्ट आहे ते लिहा.

मागचे आवाजही ऐका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि कोणी करत नाही. मागे कॉम्प्रेसरची घरघर आहे का, सायरन वाजतोय का, कोणी ओरडतंय का, पाणी मारल्याचा आवाज आहे का. बोलणारा जे सांगायला विसरला ते मागचा आवाज सांगून जातो आणि त्याला नोटची वेळ आपोआप लागलेली असते.

तिसरं काम: तक्ता

इथे लोक एक मेसेज एक ओळ असं करतात आणि अडकतात. एका नोटमध्ये पाच गोष्टी असतात, त्यातल्या दोन त्यानं बघितलेल्या, दोन ऐकलेल्या, एक पुढे करणार असलेली. त्यामुळे एक विधान एक ओळ. साधं शीट करा आणि प्रत्येक ओळीत एवढंच ठेवा: काय घडलं, घडल्याची वेळ, ती वेळ पक्की की अंदाजे, कोणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि कुठल्या फाइलमध्ये आहे. पाठवल्याची वेळ शेवटच्या कॉलममध्ये फाइलसोबत जाऊ द्या, घडल्याच्या वेळेच्या कॉलममध्ये येऊ देऊ नका. मग घडल्याच्या वेळेनं सॉर्ट करा. ज्यांची वेळ कळतच नाही त्या ओळी वर ढकलून मधेच कुठेतरी बसवू नका, खाली वेगळ्या ठेवा.

आता एक केस पूर्ण बघू. जागा सांगत नाही, वेळा आणि तारीख बदलल्यात, गुंता मात्र तसाच ठेवलाय.

मासळीचं युनिट, अमोनिया सिस्टिम, रात्रपाळी. लो प्रेशर साइडच्या ऑइल पॉटमधून ऑइल ड्रेन करायचं काम चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉम्प्रेसरमधून थोडं ऑइल सिस्टिममध्ये जातं, अमोनियापेक्षा जड असल्यानं खाली साचतं, ते अधूनमधून काढावं लागतं, आणि अमोनिया प्लांटमधलं हे ओळखलेलं धोक्याचं काम आहे, कारण ऑइल संपलं की पाठोपाठ त्याच वॉल्वमधून अमोनिया येतो. म्हणून तिथे हात सोडला की आपोआप बंद होणारा वॉल्व लावायला सांगतात. इथे तो नव्हता, साधा हँडव्हील वॉल्व होता.

ग्रुपवर आणि पर्सनल चॅटवर आलं ते असं. 2:31 ला सिक्युरिटीचा मेसेज की गेटपर्यंत वास येतोय. 2:34 ला सुपरवायझरची मॅनेजरला पर्सनल व्हॉइस नोट, 48 सेकंदांची: "सर दहा मिनिटांपूर्वी ऑइल काढताना अमोनिया सुटला, ऑपरेटरच्या डोळ्यात गेलंय, पाणी मारायला लावलंय, वॉल्व बंद केलाय बहुतेक..." 2:38 ला मशीन रूमच्या दाराचा फोटो. 2:41 ला हेल्परची जवळपास दोन मिनिटांची नोट: "साहेब आत्ताच वॉल्व बंद करून बाहेर आलो, मी आणि फिटर दादा, ग्लँड फुटला म्हणे..." 2:44 ला सुपरवायझरचा मेसेज की ऑपरेटरला दवाखान्यात नेतोय, 2:52 ला "सगळं कंट्रोलमध्ये आहे", आणि 3:05 ला हेल्परची तीच नोट ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड.

ऑफिसनं सकाळी पहिला रिपोर्ट केला तो असा: लीक 2:31 ला सुरू झाला, 3:05 ला वॉल्व बंद केला, एकूण 34 मिनिटं, कारण ग्लँड फुटणे. ग्रुप वरून खाली वाचला तर दुसरं काही निघूच शकत नाही. आणि यातली एकही गोष्ट बरोबर नव्हती.

सुरुवात आधी बघू. सिक्युरिटीचा मेसेज हा लीकचा नाही, वास गेटपर्यंत पोचल्याचा आहे. कॉल लॉगमध्ये ऑपरेटरनं सुपरवायझरला 2:22 ला केलेला फोन होता. सीसीटीव्हीत ऑपरेटर डोळे धरून मशीन रूममधून धावत बाहेर येताना दिसतो, डीव्हीआरवर 2:27, पण मोबाइलशी ताडून बघितलं तर डीव्हीआर सहा मिनिटं पुढे होता, म्हणजे 2:21. सुपरवायझरची नोट 48 सेकंदांची, सुरू झाली साधारण 2:33 ला, त्यातलं "दहा मिनिटांपूर्वी" म्हणजे 2:23 च्या आसपास. तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या वेळा दोन-तीन मिनिटांत येऊन बसल्या. त्यातली "दहा मिनिटांपूर्वी" ही अंदाजाची, कॉल लॉग पक्का, सीसीटीव्ही सुधारलेला. तक्त्यात सुरुवात "2:21 किंवा त्याच्या थोडं आधी" अशी गेली, कारण तो बाहेर पळाला त्याच्या आधी लीक सुरू झालेला असणार हे उघड आहे, पण किती आधी हे कॅमेऱ्यात दिसत नाही.

आता शेवट. सुपरवायझर 2:33 ला म्हणतो वॉल्व बंद केलाय, हेल्पर 2:39 ला म्हणतो आत्ताच बंद केला. दोघांत भांडण लावायच्या बेतात ऑफिस होतं की खोटं कोण बोलतंय. दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला, कुठला वॉल्व, प्लांटच्या नकाशावर बोट ठेवून दाखवा. सुपरवायझरनं रिसीव्हरच्या, म्हणजे लिक्विड अमोनिया साठवण्याच्या टाकीच्या, खालचा किंग वॉल्व दाखवला, जो बाहेर यार्डात आहे. हेल्परनं मशीन रूममधला ड्रेन वॉल्व दाखवला. दोघंही खरं बोलत होते. यार्डाच्या कॅमेऱ्यात फिटर रिसीव्हरपाशी दिसतो डीव्हीआरच्या 2:36 ला, म्हणजे खरे 2:30. किंग वॉल्व बंद झाल्यावर नवीन लिक्विड येणं थांबलं, पण ऑइल पॉटमध्ये आणि त्या बाजूच्या लाइनमध्ये जे होतं ते ड्रेन वॉल्वमधून येतच राहिलं, मग फिटर आणि हेल्पर श्वसनाचा सेट लावून आत गेले आणि 2:38 च्या सुमारास ड्रेन वॉल्व बंद केला. हेल्परची नोट 2:39 ला सुरू होते आणि पहिल्याच वाक्यात "आत्ताच" आहे, त्यामुळे हे बसतं.

म्हणजे 34 मिनिटं नाही, साधारण सतरा-अठरा मिनिटं, आणि त्यातही पहिली नऊ मिनिटं पूर्ण जोरात आणि नंतरची कमी. अमोनिया किती गेला याचा हिशोब कोणी करायला बसलं तर हा कालावधीच मुख्य आकडा असतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. पुढे रिसीव्हरच्या लेव्हलवरून किंवा नंतर किती अमोनिया भरावा लागला त्यावरून तपासता येतं, पण तो हिशोब कालावधीशी जुळला पाहिजे.

मागच्या आवाजाचं म्हटलं होतं ना, ते इथे कामी आलं. सुपरवायझरच्या नोटमध्ये मागे कॉम्प्रेसर स्पष्ट ऐकू येतो, हेल्परच्या नोटमध्ये नाही, आणि दोघंही मशीन रूमच्या दाराबाहेर त्याच भागात उभे राहून बोलत होते. म्हणजे कॉम्प्रेसर 2:34 ते 2:39 च्या मध्ये बंद झाला. लॉगबुकमध्ये "2:20 ला बंद" लिहिलेलं होतं. ती नोंद नंतर, गडबड निवळल्यावर, आठवून केलेली होती, शाई आणि अक्षर बाकीच्या तासांच्या रीडिंगपेक्षा वेगळं. लॉगबुकवाल्या माणसाला दोष द्यायचा प्रश्न नाही, रात्री अडीचला कोण वेळ बघून लिहितो, पण छापील रजिस्टर आहे म्हणून ते खरं आणि व्हॉइस नोट कच्ची असं धरलं असतं तर चुकीची वेळ पक्की झाली असती.

कारणाचं बघा. "ग्लँड फुटला म्हणे", हेल्परचे शब्द. लीक झाला तेव्हा हेल्पर मशीन रूममध्ये नव्हताच, मासळीच्या पॅकिंग विभागात होता, पंचिंग आणि कॅमेरा दोन्ही तेच सांगतात. तक्त्यात ही ओळ "ऐकीव" म्हणून गेली. ऑपरेटरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं ते वेगळं होतं: ड्रेन वॉल्व उघडला तर ऑइल येईना, घट्ट ऑइल अडकलंय वाटून आणखी उघडला, आणि एकदम मोकळं होऊन जोरात बाहेर आलं, हात सुटला. दोन्हीतलं खरं कुठलं हे रिपोर्ट लिहिणाऱ्यानं ठरवायचं नसतं, वॉल्व बघायचा असतो. मेंटेनन्सनं बघितला, ग्लँड पॅकिंग जागेवर होतं, गळतीची खूण नव्हती. मग रिपोर्टमध्ये ऑपरेटरचं म्हणणं मुख्य, तपासणीचा आधार त्याच्या शेजारी, आणि ग्लँडचं म्हणणं "प्राथमिक माहिती, तपासणीत आढळलं नाही" म्हणून एका ओळीत ठेवलं. ते पूर्ण काढून टाकू नका. कारण तोवर ती फॉरवर्ड झालेली नोट वीस फोनवर आहे आणि कोणीतरी विचारणारच की ग्लँडचं काय झालं.

"वास गेटपर्यंत" यावरून पहिल्या रिपोर्टमध्ये "मोठ्या प्रमाणात गळती, गेटपर्यंत धोकादायक पातळी" असं वाक्य आलं होतं. हे काढायला लावलं. अमोनियाचा वास नाकाला अगदी थोड्या पीपीएमला कळतो आणि जीवाला तातडीनं धोका धरतात ती पातळी 300 पीपीएम, मधे खूप अंतर आहे. मीटरनं मोजलं नसेल तर रिपोर्टमध्ये "2:31 ला गेटवर वास जाणवला, मोजमाप घेतलेलं नाही" एवढंच लिहायचं. वाऱ्याची दिशा कोणाला आठवत असेल तर ती टाका, ती उपयोगी पडते.

डोळ्याचं सगळ्यात जपून. अमोनिया डोळ्यात गेला की ताबडतोब आणि सलग निदान पंधरा मिनिटं पाण्यानं धुवायचं असतं, आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतात, कधी सुरू केलं आणि किती वेळ. मेसेजमध्ये फक्त "पाणी मारायला लावलंय" आणि "दवाखान्यात नेतोय" एवढंच होतं. पहिल्या रिपोर्टमध्ये "तात्काळ प्राथमिक उपचार दिले" असं गुळगुळीत वाक्य होतं, ज्यातून काहीच कळत नाही. ऑपरेटरजवळ जो माणूस होता त्याला विचारून आणि कॅमेरा बघून ते असं झालं: 2:24 च्या सुमारास नळाखाली धुणं सुरू, 2:44 ला गाडी निघाली तोवर चालू, मधे एकदा थांबलं होतं की नाही याबद्दल दोन जणांचं एकमत नाही. शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात. लिहा. केसपेपरवर दवाखान्यात पोचल्याची वेळ 3:10 होती, ती तशीच घेतली.

चौथं काम: आता लिहा, आणि लहान लिहा

तक्ता झाला की रिपोर्ट अर्ध्या तासात होतो, कारण विचार आधीच झालेला असतो. वर दोन-तीन वाक्यांत काय, कुठे, कधी, कोणाला काय झालं. त्याखाली वेळेनुसार घटनाक्रम, प्रत्येक ओळीला "पक्की" किंवा "अंदाजे". मग काय केलं गेलं, मग तपासणीत काय दिसलं, आणि एक वेगळा भाग "अजून स्पष्ट न झालेलं". हा शेवटचा भाग ठेवला नाही तर जे माहीत नाही ते गुपचूप घटनाक्रमात शिरतं, आणि रिपोर्ट परत परत बदलावा लागतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच.

वाक्यं अशी बदला. "ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे वॉल्व उघडा राहिला" असं नाही. "ऑपरेटरनं ड्रेन वॉल्व उघडला, ऑइल न आल्यानं आणखी उघडला, अचानक अमोनिया आल्यानं हात सुटला, वॉल्व हँडव्हीलचा असल्यानं उघडाच राहिला." दुसऱ्या वाक्यात कोणाला दोष दिलेला नाही पण काय बदलायला हवं ते सरळ दिसतं, आपोआप बंद होणारा वॉल्व. पहिल्या वाक्यातून फक्त मेमो निघतो आणि पुढचा ऑपरेटर नोट पाठवायच्या आधी दहा वेळा विचार करतो.

"वॉल्व", "लाइन", "तिकडचा पंप" असे शब्द रिपोर्टमध्ये येऊ देऊ नका, प्रत्येक वेळी पूर्ण नाव किंवा टॅग नंबर. टॅग नसतील तर नकाशाचा फोटो काढून त्यावर अ, ब, क लिहा आणि तेच वापरा, चालतं.

जखमी माणूस कामावर कधीपासून नाही हेही तारीख-वेळेसकट लिहा. 48 तास किंवा जास्त काम करता आलं नाही तर कायद्यानं अपघाताची सूचना सरकारी यंत्रणेकडे, म्हणजे महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे द्यावी लागते, आणि तो काळ कुठून मोजायचा हे तुमच्या रिपोर्टमधल्या वेळेवरूनच ठरतं. तिथे "रात्री अडीचच्या सुमारास" चालत नाही.

पुढच्या वेळी नोट्स बऱ्या याव्यात म्हणून

लांबलचक फॉरमॅट पाठ करायला लावू नका, रात्री कोणाला आठवत नाही. आम्ही मशीन रूमच्या दाराबाहेर एक छोटा बोर्ड लावलाय त्यावर तीनच गोष्टी आहेत: घड्याळात बघून वेळ बोला, वॉल्वचं नाव किंवा नंबर बोला, आणि "मी बघितलं" की "मला सांगितलं" ते बोला. सुरक्षित जागी गेल्यावरच नोट करा हे त्याच्या वर मोठ्या अक्षरात. नाव, पदनाम, विभाग यातलं काही नको, ते फोन नंबरवरून कळतंच. लोक तिन्ही पाळत नाहीत, पण वेळ बोलण्याची सवय लवकर लागते आणि त्या एकानंच बरंच काम हलकं होतं.

आणि फॉरवर्डबद्दल ग्रुपवर स्पष्ट सांगून ठेवा की नोट फॉरवर्ड केली तर सोबत मूळ वेळ टाइप करायची, "ही 2:41 ची आहे" एवढंच पुरे.

रिपोर्ट सहीला जायच्या आधी शेवटची एक गोष्ट. घटनाक्रमातल्या माणसांना तो वाचायला पाठवू नका, समोर बसून वाचून दाखवा, एकेकाला वेगळा, फक्त त्याच्याशी संबंधित ओळी. वरच्या केसमध्ये असं वाचून दाखवताना फिटर म्हणाला की आत जायला सेट दोन होते, पण दुसऱ्याच्या सिलिंडरचं प्रेशर कमी होतं म्हणून हेल्पर दारातच थांबला आणि आत तो एकटाच गेला. हेल्परच्या नोटमध्ये "मी आणि फिटर दादा" होतं, त्यामुळे आपण दोघं आत गेले असं लिहिलं होतं. हेल्परला परत विचारलं, तो म्हणाला हो, मी दारात होतो. दोन ओळी बदलल्या, आणि कृतींच्या यादीत सिलिंडरच्या मासिक तपासणीची ओळ वाढली, जी कुठल्याही मेसेजमध्ये नव्हती.